आधी हाक, मग शुभेच्छा
(सहकारी ताईला वाढदिवसाचा आणि अभिनंदनाचा निरोप कसा लिहावा)



ग्रामसंघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला की सकाळी काय होतं, ते आपण सगळ्याच बघतो. पहिली ताई केकचं चित्र टाकते. दुसरी गुलाबाचं टाकते. तिसरी वरचंच चित्र उचलून पुन्हा खाली टाकते. दुपारपर्यंत वीस-पंचवीस चित्रं जमतात, आणि जिचा वाढदिवस ती एकदाच हात जोडून "सर्वांचे आभार" लिहिते. कुणी काय लिहिलं होतं हे संध्याकाळी तिला विचारा, एकही ओळ आठवत नाही. आठवणार कशी? त्यातली एकही ओळ तिच्यासाठी लिहिलेली नव्हती.

म्हणून या वेळच्या पाठात एवढंच शिकू या : चार-पाच ओळींचा असा निरोप, की वाचल्यावर तिला वाटावं, ही माझ्याशीच बोलते आहे. त्याला भारी शब्द लागत नाहीत. तीन गोष्टी लागतात. पहिली हाक, दुसरी आपण स्वतः बघितलेली तिची एक गोष्ट, आणि तिसरी तिला खरोखर लागू पडेल अशी इच्छा. शेवटी आपलं नाव.

पहिली ओळ : हाक

आपण कुणाच्या दारात गेलो की आधी हाक मारतो. "आक्का, आहात का घरात?" निरोपाचंही तसंच आहे. प्रत्यक्षात जी हाक मारता, तीच कागदावर नि फोनवर लिहा. रोज जिला तुम्ही "शोभाताई" म्हणता तिला एकदम "आदरणीय महोदया" लिहिलं, तर तिला वाटेल हा निरोप कार्यालयातून आला. आणि बँकेच्या ज्या साहेबांना आपण "सर, नमस्कार" म्हणतो, त्यांना "अहो भाऊ" लिहिलं तर तेही विचित्र दिसेल.

जुन्या पत्रांत हे काम मायना करायचा. वडिलांना "तीर्थरूप" आणि "शिरसाष्टांग नमस्कार", बरोबरीच्या माणसाला "सप्रेम नमस्कार", लहानाला "अनेक आशीर्वाद". मायना वाचूनच कळायचं की लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण. आता तेवढे शब्द लिहायची गरज नाही. पण नातं पहिल्याच ओळीत कळावं, ही त्यातली गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे.

इथे तीन ठिकाणी ठेच लागते.

एक म्हणजे नावामागचं "सौ." आणि "श्रीमती". आपल्या गटात नवरा गेलेल्या, टाकलेल्या, लग्न न केलेल्या अशा सगळ्याच जणी असतात. चित्रावर छापलेलं "सौ." किंवा "अखंड सौभाग्यवती भव" अशा ताईला गेलं, तर वाढदिवसाच्या दिवशीच तिच्या दुखण्यावर बोट ठेवल्यासारखं होतं. बरं, सगळ्यांनाच "श्रीमती" लिहावं म्हटलं, तर आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी "श्रीमती" हे विधवेसाठीच लिहितात, त्यामुळे नवरा असलेली ताई नाराज होते. यावर सोपी वाट आहे. दोन्ही सोडा. नाव आणि पुढे ताई, आक्का, काकू, मावशी, वहिनी, जे तुम्ही बोलताना म्हणता ते लिहा.

दुसरी ठेच "तू" आणि "तुम्ही"ची. पहिल्या ओळीत "तुम्हाला शुभेच्छा" आणि तिसऱ्या ओळीत "तू अशीच हसत राहा" असं झालं, की समजावं अर्धा निरोप दुसरीकडून उचलला आहे. वाचणारीलाही ते लगेच कळतं. पाठवण्याआधी एकदा फक्त एवढ्यासाठीच वाचा.

तिसरी नमस्काराची. कुणी भेटल्यावर "रामराम" म्हणते, कुणी "जय भीम", कुणी "सलाम", कुणी "जोहार". ती आपल्याला जशी नमस्कार करते आणि आपणही तिला जसं उत्तर देतो, तसंच लिहिलं की पहिलीच ओळ तिच्या घरची होते. पुढे देवाचं नाव घेतानाही हे ध्यानात ठेवा. आपल्या कुलदेवीची कृपा तिला मागण्यापेक्षा "तब्येत चांगली राहो" हे कुणालाही पटतं.

दुसरी ओळ : आपण बघितलेली एक गोष्ट

निरोपाचा जीव इथे आहे. एक उदाहरण घेऊन पायरी-पायरीने करू. नमुन्यापुरतं नाव धरू, शोभाताई. ग्रामसंघाच्या लिपिका आहेत, हिशोबाच्या वह्या लिहितात, वयाने आपल्यापेक्षा मोठ्या. त्यांचा वाढदिवस आहे. सगळ्या जणी साधारण असं लिहितात :

"आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण खूप कष्टाळू, मनमिळाऊ व प्रेमळ आहात. ईश्वर आपणास उदंड आयुष्य देवो."

यात चुकीचं काही नाही. पण आता एक परीक्षा करा. निरोपातलं नाव हाताने झाका, आणि हाच निरोप गटातल्या दुसऱ्या एखादीला चालेल का, ते बघा. चालतो ना? अध्यक्षांना चालेल, पशुसखीला चालेल, शाळेतल्या बाईंनाही चालेल. म्हणजे तो शोभाताईंचा नाही.

आता "कष्टाळू" हा शब्द धरून स्वतःला विचारा : ती कष्टाळू आहे हे मला कधी दिसलं? कुठे? ती नेमकं काय करत होती? उत्तर "नेहमीच" असं येईल. ते सोडून द्या आणि पुन्हा विचारा, शेवटचं कधी? मग काहीतरी हाताला लागतं. "बैठक संपल्यावर सगळ्या उठतात, पण शोभाताई बसून राहतात. सखुमावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या पासबुकातला आकडा दोनदा वाचून दाखवतात." ही गोष्ट दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही. "कष्टाळू" शब्द आता लिहायचीही गरज उरली नाही.

पण थांबा. हा निरोप ग्रुपवर टाकायचा असेल, तर सखुमावशींना वाचता येत नाही हे सगळ्या गावाला कशाला सांगायचं? शोभाताईंचं कौतुक करताना मावशींची मान खाली जायला नको. म्हणून ग्रुपवर लिहिताना मावशींचं नाव काढून टाकायचं. फक्त शोभाताईंनाच पाठवणार असाल, तर नाव ठेवायला हरकत नाही. कुणाचं आजारपण, कर्जाची रक्कम, घरातली भांडणं, वय, या गोष्टींनाही हाच नियम. त्या कितीही खऱ्या असल्या, अगदी कौतुकाच्या असल्या, तरी चारचौघांत नकोत.

तिसरी ओळ : तिला लागू पडेल अशी इच्छा

"उदंड आयुष्य" ही इच्छा चांगलीच आहे. पण यंदा शोभाताईंना काय हवं आहे, हे त्यांच्याबरोबर काम करणारीला माहीत असतं. मार्चअखेर आली की सगळ्या गटांच्या वह्या एकदम येतात आणि त्या एकट्या रात्रीपर्यंत बसतात. उन्हाळ्यात चार दिवस माहेरी जायचं म्हणतात, ते राहूनच जातं. मग इच्छा आपोआप सापडते. सगळं जुळवून निरोप असा होईल :

"शोभाताई, नमस्कार! तुम्हाला वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. बैठक संपली तरी तुम्ही लगेच उठत नाही, प्रत्येकीला तिचा आकडा नीट कळला का ते विचारता, हे मी दर महिन्याला बघते. म्हणूनच आमच्या गटात हिशोबावरून कधी कुरबूर होत नाही. यंदा मार्चअखेरचं ओझं तुमच्या एकटीवर न पडो, आणि तुम्हाला चार दिवस माहेरी निवांत राहायला मिळो. – तुमची मंगल"

मोजून बघा, पाच-सहा वाक्यं आहेत. यातला एकही शब्द पुस्तकातला नाही. पण हे शोभाताई घरी वाचून दाखवतील.

एक सावधगिरी घ्या. इच्छेत उपदेश शिरू देऊ नका. "आता तब्येतीकडे लक्ष द्या, वजन कमी करा", "आता पोरीचं लग्न उरका", "यंदा तरी मुलगा होवो" ही वाक्यं लिहिणारीला मायेची वाटतात, वाचणारीला टोचतात. "यंदा घराचं बांधकाम पूर्ण होवो" हेही तिने स्वतः आपल्याला सांगितलं असेल तरच लिहावं.

अभिनंदनाचा निरोप वेगळा कसा?

शुभेच्छा पुढे यायच्या गोष्टीसाठी असतात, अभिनंदन झालेल्या गोष्टीचं असतं. परीक्षेला निघालेल्या मुलीला शुभेच्छा द्यायच्या, निकाल लागल्यावर अभिनंदन करायचं. नव्या कामावर निवड झाली असेल, तर निवडीचं अभिनंदन आणि पुढच्या कामाला शुभेच्छा, असं दोन्ही येतं. यातूनच एक पथ्य निघतं : गोष्ट पक्की झाल्याशिवाय अभिनंदन टाकू नका. बँक सखीसाठी नाव सुचवलं आणि निवड झाली, यात अंतर आहे. मधेच कुणी ग्रुपवर "अभिनंदन" टाकलं आणि पुढे नाव बदललं, तर त्या ताईला गावात तोंड दाखवणं अवघड होतं.

वाढदिवसाच्या निरोपात माणूस पुढे असतो, अभिनंदनात तिने केलेलं काम पुढे यायला हवं. याचंही उदाहरण घेऊ. कविता नावाची आपल्याच बरोबरीची सहकारी आहे असं समजू. शाळा लहानपणी सुटली होती. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीची परीक्षा दिली आणि पास झाली. तिला आलेला एक निरोप असा :

"अभिनंदन कविता! या वयात पास झालीस म्हणजे कमालच. किती टक्के पडले? आता बारावी पण कर. गटाने साथ दिली म्हणून हे जमलं. पेढे कधी देतेस?"

लिहिणारीला आनंदच झालेला आहे, यात शंका नाही. पण एकेक वाक्य कवितेच्या जागी बसून वाचा. "या वयात" म्हणजे वय काढलं. "किती टक्के" विचारलं, आणि टक्के कमी असतील तर ती गप्प बसणार. "आता बारावी कर" म्हणजे आजचा आनंद अजून ताटात आहे तोवर पुढचं काम वाढून दिलं. "गटाने साथ दिली म्हणून" यात तिचं श्रेय आपण अर्धं काढून घेतलं. गटाची साथ होती हे खरं असेल, पण ते तिने म्हणावं, आपण म्हणू नये. आणि शेवटी पेढ्याचा खर्चही तिच्याच माथी.

आता तीच गोष्ट अशी लिहू :

"कविता, अगं मनापासून अभिनंदन! दहावी पास! फॉर्म भरल्यापासून तुझ्या पिशवीत गणिताची वही असायची, आणि बैठकीत चहा होईपर्यंत तू दोन गणितं सोडवायचीस, ते मी शेजारी बसून बघितलंय. हे यश त्या वहीचं आहे. उद्या बैठकीला पेढे मी आणते, तू फक्त निकालाचा कागद घेऊन ये, सगळ्यांना बघायचाय. – तुझी मंगल"

इथेही तीच रीत आहे : हाक, बघितलेली गोष्ट, आणि तिला आनंद होईल असं एक वाक्य. फरक एवढाच की बघितलेली गोष्ट तिच्या मेहनतीची आहे. नशिबाची किंवा कुणाच्या ओळखीची नाही.

अभिनंदनात आणखी एक जपायचं असतं. एका जागेसाठी दोघींनी अर्ज केला आणि एकीची निवड झाली, तर दुसरीही त्याच ग्रुपवर असते. "तूच त्या जागेला योग्य होतीस" हे वाक्य एकीला फूल आणि दुसरीला काटा आहे. ग्रुपवर निवड झालेलीच्या कामाबद्दल लिहावं, तुलना करू नये. आणि राहून गेलेलीला त्याच दिवशी वेगळा फोन करावा.

वाढदिवस खरा कुठला?

१ जूनला किती जणींचा वाढदिवस येतो, ते तुमच्या गटाच्या नोंदवहीत बघा. पुष्कळ ठिकाणी एकाच दिवशी दोन-तीन तरी निघतात. याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. जन्म घरीच झालेला, नोंद नव्हती, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, तेव्हा गुरुजींनी वयाचा अंदाज धरून १ जून लिहून टाकला. तीच तारीख दाखल्यावरून आधारवर आली आणि आधारवरून आपल्या वहीत.

म्हणून तारीख वहीतून उचलू नका, ताईलाच विचारा. कुणी सांगेल, "माझी आई म्हणायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली." पोळा श्रावण अमावास्येला असतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. दरवर्षी नवं कॅलेंडर आणलं की तिथे पेनाने तिचं नाव लिहून ठेवा. त्या दिवशी तिला निरोप गेला, की निरोपात काही विशेष न लिहिताही तो तिचा होतो, कारण तो दिवस फक्त घरच्यांना माहीत असतो. ज्यांना खरा दिवस ठाऊकच नाही, त्यांना १ जूनच आपला वाटतो. त्यांना त्याच दिवशी लिहावं, पण तिघींना मिळून एकच निरोप टाकू नये. प्रत्येकीला तिच्या नावाची वेगळी हाक हवी.

दिवस हुकला तर? एकदाच "उशिरा लिहितेय, पण मनापासून" म्हणा आणि पुढे नेहमीसारखं लिहा. का उशीर झाला याचं पुराण चार ओळी लिहिलं, तर निरोप तिचा न राहता आपला होतो.

जिला वाचता येत नाही तिला

तिला चित्र पाठवून उपयोग नाही, आणि लिहिलेला निरोप दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. तिला आवाजाचा निरोप पाठवा. अर्धा मिनिट पुरे. माइकचं बटण दाबायच्या आधी तीन गोष्टी मनात जुळवा : हाक, गोष्ट, इच्छा. पहिला शब्द तिची हाकच असू द्या, "सखुमावशी, मी मंगल बोलतेय." नाहीतर फोन कानाला लावून बिचारी निम्मा वेळ आवाज कुणाचा हेच ओळखत बसते. मागे मिक्सर किंवा टीव्ही चालू असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. आणि घर जवळ असेल, तर बैठकीला जाता जाता दारात उभं राहून बोललेलं सगळ्यांत चांगलं.

लिहिताना शब्दही एकदा तपासा. फोन आपल्या मनाने भलताच शब्द पुढे करतो. "हार्दिक" मध्ये द ला पहिली वेलांटी आणि डोक्यावर रफार, "शुभेच्छा" मध्ये शु ऱ्हस्व. जाहिरातीच्या फलकांवर "अभिष्टचिंतन" दिसतं, पण बरोबर शब्द "अभीष्टचिंतन" आहे, भ ला दुसरी वेलांटी. अभीष्ट म्हणजे मनातलं, हवं असलेलं. मात्र बोलताना हा शब्द आपण वापरत नसू, तर निरोपातही तो नको. "शुभेच्छा" पुरे आहे.

पुढच्या बैठकीसाठी सराव

बैठकीत पंधरा मिनिटं काढा. गटातल्या सगळ्या जणींची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका, आणि प्रत्येकीने एक चिठ्ठी उचला. स्वतःचीच आली तर बदलून घ्या. आता त्या ताईला आपण शेवटचं काय करताना बघितलं, ते एका वाक्यात आठवा. लिहिता येत असेल तिने लिहा, नसेल तिने मनात धरा.

मग एकेकीने ते वाक्य नाव न घेता मोठ्याने म्हणा. ही कोण ते बाकीच्यांनी ओळखायचं. लगेच ओळखलं, तर वाक्य नेमकं आहे. चार नावं पुढे आली, तर ते अजून "कष्टाळू"च्याच जवळपास आहे, पुन्हा विचार करा. नाव झाकण्याची जी परीक्षा आपण वर केली, तीच ही.

ओळखलेली वाक्यं गटाच्या वहीत मागच्या पानावर, त्या त्या ताईच्या खऱ्या वाढदिवसासमोर लिहून ठेवा. म्हणजे तिचा दिवस येईल तेव्हा चित्र शोधत बसायला नको. हाक आपल्या तोंडात आहेच, गोष्ट वहीत सापडेल, इच्छा तेवढी त्या वर्षीची ताजी लिहायची.